निरोपाच्या भाषणातले सहाशे खोके

ताई, सप्रेम नमस्कार. ३४ वर्षं विक्रीत काढून या महिनाअखेरीस मी व्यवस्थापक म्हणून निवृत्त होतोय. निरोप समारंभात दहा मिनिटं बोलायचंय. ‘ग्राहक, सचोटी आणि तरुणांना चार गोष्टी’ असा विषयही ठरवून दिलाय. माझा मसुदा वाचून बायको म्हणाली, “हे कुणाचंही भाषण आहे.” खरं तर मनात एकच प्रसंग घोळतोय. १९ वर्षांपूर्वी, तिमाही संपायला दोन दिवस उरले असताना, मी एका वितरकाकडे १००० खोके उतरवले. त्यांचा महिन्याचा खप होता ४००. “नाही खपले तर परत घेऊ,” असं तोंडी सांगितलं. त्या तिमाहीचं बक्षीस मला मिळालं. माल मात्र परत घेता आला नाही आणि दोन वर्षांत त्यांनी धंदा आवरला. ते आज हयात नाहीत. त्यांचा मुलगा आता आमचाच वितरक आहे आणि समारंभाला येणार आहे. हे सांगावं का? सांगितलं तर सचोटीवर बोलायचा मला अधिकार उरतो का?
— एक जुना सेल्समन

नमस्कार.

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे, आणि ते कशामुळे बरोबर आहे हे तुमच्या पत्रातच दिसतं. मसुद्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, खोक्यांबद्दल सात. भाषण त्या सात ओळींत आहे. सांगा, पण आधी दोन कामं उरकावी लागतील. एक आकडेमोडीचं, दुसरं त्या मुलाला भेटायचं. दुसरं जमलं नाही तर सांगू नका. अधिकाराचं म्हणाल, तर ज्यानं कधी खपापेक्षा जास्त माल वितरकावर चढवलाच नाही त्याच्याकडून हा विषय ऐकण्यात समोरच्या पोरांना काही रस नसतो. त्यांना वाटतं, यांना कधी टार्गेट कमी पडलंच नसेल.

आधी आकडेमोड. तुम्हाला ती पाठ असेल, तरीही कागदावर मांडा, कारण ती तुम्ही आजवर स्वतःच्या बाजूनं पाहिली असणार. आता वितरकाच्या गोदामात उभं राहून पाहा. ओपनिंग स्टॉक, म्हणजे गोदामात आधीच असलेला माल, तुम्ही लिहिलेला नाही. पंधरा दिवसांचा माल, म्हणजे २०० खोके, असं धरू. तुम्ही १००० उतरवले, म्हणजे महिन्याच्या खपापेक्षा ६०० जास्त. महिन्याचा खप ४०० धरला तर या मालानिशी पहिला महिना संपताना गोदामात ८०० उरले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी एकही खोका मागवला नाही, ४०० विकले, ४०० उरले. तिसऱ्या महिन्यात २०० घेतले, ४०० विकले आणि गाडी पुन्हा २०० वर आली. आता तीन महिन्यांची खरेदी मोजा: १०००, शून्य, २००. बेरीज १२००. तुम्ही गेलाच नसतात तर त्यांनी दर महिन्याला ४०० घेतले असते. बेरीज तीच, १२००.

म्हणजे बक्षीस मिळालं, टाळ्या वाजल्या, पण दुकानाच्या फळीवरून एकही खोका जास्त उचलला गेला नाही. पुढच्या दोन महिन्यांची विक्री तुम्ही उसनी आणलीत. आपल्या धंद्यात कंपनीकडून वितरकाकडे गेलेल्या मालाला प्रायमरी म्हणतात आणि वितरकाकडून दुकानात गेलेल्याला सेकंडरी. टार्गेट प्रायमरीवर असतं, खप सेकंडरीत दिसतो, आणि या दोघांमधली फट ज्याच्या भांडवलानं भरली जाते तो वितरक. भाषणात हे दोन शब्द उच्चारायचीही गरज नाही. १०००, शून्य, २०० एवढंच बोला. सभागृहातला प्रत्येक सेल्समन मनातल्या मनात बेरीज करील, आणि ती त्याची त्यानं केलेली असल्यानं त्याच्या लक्षात राहील.

ही बेरीजही तशी सौम्यच आहे, कारण यात मी सगळं सुरळीत चालेल असं धरलंय. प्रत्यक्षात काय झालं असेल ते पाहू. बिल ३० दिवसांचं असेल, तर महिन्याभरात त्यांना १००० खोक्यांचे पैसे भरायचे होते आणि विकले गेले होते ४००. त्या ४०० चे पैसेही दुकानदारांकडून रोख आलेले नसणार, तिथेही उधारी. उरलेले पैसे आणायचे कुठून? वितरक सहसा एकाच कंपनीचा माल ठेवत नाही. तुमचा चेक वटवायला त्यांनी दुसऱ्या दोन कंपन्यांची ऑर्डर कमी केली असेल. ते जलद खपणारे जिन्नस त्यांच्याकडे संपले, दुकानदारानं ते दुसरीकडून मागवले, आणि एकदा दुसऱ्याची गाडी दाराशी यायला लागली की तो सगळाच माल तिच्यातून घ्यायला लागतो. जास्तीच्या मालानं वितरक बुडतो तो बहुतेक असा बुडतो. नुकसान जास्त झालेल्या मालात दिसतच नाही. ते त्या मालापायी जो घेता आला नाही, त्या मालात असतं.

म्हणूनच एक सावधगिरी. “माझ्यामुळे त्यांचा धंदा गेला,” असं व्यासपीठावरून म्हणू नका. तुम्हाला ते ठाऊक नाही. दोन वर्षं हा मोठा काळ आहे, त्यात घरचं आजारपण असेल, भाऊबंदकी असेल, नवा स्पर्धक असेल. सगळा दोष अंगावर ओढून घेण्यातही एक प्रकारची मिरवणूक असते, आणि समोर बसलेल्या मुलाला ती खुपेल. “मी त्यांच्या अडचणीत भर घातली,” हे खरं आहे आणि तेवढं पुरे.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मते खरी चूक इथे आहे. तुम्ही पत्रात ती एका वाक्यात उरकलीत: “नाही खपले तर परत घेऊ.” खोके जास्त उतरवणं हा अतिउत्साह म्हणून खपून गेला असता. पण ते तोंडी आश्वासन कागदावर असतं तर तुमची तिमाहीची विक्री झालीच नसती. हिशेबाचा साधा नियम आहे. घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क असेल, तर जेवढा परत येईल असं वाटतं तेवढा विक्री म्हणून धरता येत नाही. २०१८ पासून लागू झालेलं आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं, आणि त्याआधीची मानकंही याहून फार वेगळी नव्हती. म्हणजे ते आश्वासन लपवल्यामुळेच १००० हा आकडा उभा राहिला. तुम्ही वितरकाला एक गोष्ट सांगितलीत आणि कंपनीच्या वहीला दुसरी. दोन्हीकडे शब्द तुमचाच, म्हणून कधी ना कधी एकीकडे तो खोटा पडणारच होता. पडला तो दुबळ्या बाजूला.

मी स्वतः असं तोंडी वचन दोनदा दिलंय. एकदा निभावलं, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट दिली म्हणून निभावलं गेलं. दुसऱ्या वेळी नवे वरिष्ठ आले होते. त्यांनी विचारलं, “कागद कुठे आहे?” कागद नव्हता. त्या दिवशी मला कळलं की पहिल्या वेळीही मी शब्द पाळला नव्हता, माझं नशीब बरं होतं इतकंच. तेव्हापासून मी एक पथ्य पाळलं. जे बोलले ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून वितरकाला आणि माझ्या वरिष्ठांना, दोघांनाही पाठवायचं. लिहायला हात धजत नसेल, तर ते बोलायलाच नको होतं. तरुणांसाठी ‘चार गोष्टी’ शोधताय ना, त्यातली ही एक घ्या. तुमच्याच प्रसंगातून निघते, बाहेरून आणावी लागत नाही.

बाहेरून आणण्यावरून आठवलं. कुणी तरी तुम्हाला मोठ्या कंपन्यांची उदाहरणं द्यायला सुचवील. सनबीम या अमेरिकी कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात खपणाऱ्या बार्बेक्यूच्या शेगड्या १९९७ मध्ये त्यांनी सवलती देऊन हंगामाच्या कितीतरी आधीच दुकानांच्या नावावर टाकल्या. काही तर विकल्या म्हणून दाखवल्या, पण जागच्या हलल्याच नव्हत्या. १९९८ मध्ये मुख्याधिकाऱ्याला घालवलं आणि २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. उदाहरण चोख आहे, पण तुम्ही वापरू नका. ते ऐकून प्रत्येक जण सुटकेचा श्वास सोडतो, की हे फार मोठ्या लोकांचं काम, आपण कुठे असं करतो? तुमचे सहाशे खोके त्याला असं सुटू देत नाहीत.

आता मुलाकडे वळू. त्याची परवानगी घ्यायला हवी हे तुमच्या लक्षात आलं असेलच, पण परवानगी कशी मागायची इथे गोम आहे. तुम्ही त्याला माल देणाऱ्या कंपनीचे साहेब आहात, निदान महिनाअखेरपर्यंत. वितरक साहेबाला नाही म्हणत नाही. तुम्ही फोन करून “सांगू का?” विचारलंत तर तो म्हणेल, “सांगा की काका, त्यात काय!” आणि फोन ठेवल्यावर घरी काय बोलेल ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ते होकार म्हणून धरू नका.

प्रत्यक्ष जा. दुकानात किंवा गोदामात नको, तिथे त्याची माणसं असतात. आधी भाषणाचा विषय काढूच नका. जे झालं ते सांगा, आकड्यांसकट, तोंडी वचनासकट, बक्षिसासकट. मग गप्प बसा आणि त्याच्या घरी ही गोष्ट कशी सांगितली गेली ते ऐका. कदाचित त्याच्या वडिलांनी तुम्हाला दोष दिलाच नसेल. कदाचित तुम्हाला ठाऊक नसलेलं बरंच काही असेल. माफी मागायची ती इथे मागा. तो तिचा पहिला हक्कदार आहे. सभागृह नंतरचं. पहिल्यांदा माइकवरून मागितलेली माफी समोरच्या माणसाला कोंडीत पकडते, कारण दोनशे लोकांसमोर त्याला हसून मान डोलवावीच लागते.

एवढं झाल्यावर म्हणा, “हे नाव न घेता तरुण पोरांना सांगावं असं मनात आहे. लिहिलंय ते ठेवून जातो. दोन दिवसांत तुमचा काही निरोप आला नाही, तर मी ते सांगणार नाही.” उलटं नाही हं. निरोप नाही म्हणजे नकार, असं ठरवा. मग त्याला साहेबाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, नुसतं गप्प राहिलं तरी काम होतं. आणि नकार आला, तर नाव गाळूनही सांगू नका. आपला धंदा लहान असतो. १९ वर्षांपूर्वी कुणी दुकान आवरलं हे त्या सभागृहातल्या पाच जणांना तरी ठाऊक असतं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते पन्नास जणांना कळतं.

तुमच्या आत्ताच्या वरिष्ठांनाही आदल्या दिवशी कल्पना द्या. परवानगीसाठी नाही, त्यांना अवचित धक्का बसू नये म्हणून. त्या वितरकाचा एखादा दावा, येणं-देणं किंवा वाद अजून कंपनीत उघडा असेल, तर मात्र व्यासपीठावर तो विषय काढूच नका. मग तुमचं बोलणं आठवणीचं राहत नाही, त्याचा पुरावा होतो. आणि त्या काळच्या तुमच्या साहेबांचा उल्लेख गाळा. दबाव त्यांचा होता हे खरं असलं तरी. “मला सांगितलं गेलं” हे वाक्य आलं की समोरची पोरं तेवढंच उचलतात.

आता या प्रसंगातून तरुणांना द्यायचं काय? ‘माल चढवू नका’ हे सांगून उपयोग नाही. महिनाअखेर त्यांचीही यायचीय, आणि तुम्ही तेव्हा घरी असाल. शिवाय दरवेळी जास्त माल घेणं चूक असतं असंही नाही. हंगामाच्या तोंडावर वितरक स्वतः भरून ठेवतो, भाव वाढणार असेल तर घेतो, नवा जिन्नस बाजारात येताना घ्यावाच लागतो. फरक ओळखायचा कसा, तो त्यांना सांगा. मी तीन प्रश्न विचारत असे: मागणी कुणाच्या तोंडून आली, त्याच्या की माझ्या? हा माल किती दिवसांत उठेल, हे त्याच्या गेल्या तीन महिन्यांच्या खपावरून सांगता येतं का? आणि नाही उठला तर भुर्दंड कुणाचा, हे लिहिलेलं आहे का? पहिल्याचं उत्तर ‘माझ्या’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर मधल्याचं उत्तर काहीही आलं तरी ती विक्री नव्हे.

तुम्ही पुढे व्यवस्थापक झालात, म्हणजे चढवलेला माल ओळखायची वेळही तुमच्यावर आली असेल. ते जरूर सांगा. कारण हे ज्ञान पुस्तकात कुणी लिहीत नाही. बिलांच्या तारखा काढल्या की महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत निम्म्याहून जास्त बिलिंग दिसतं आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा कोरा असतो. इतके दिवस वेळेवर येणारा चेक “जरा चार दिवस टाकू नका” या निरोपासह यायला लागतो. शेजारच्या भागातला वितरक तक्रार करतो, की आपलाच माल त्याच्या दुकानदारांना कुणीतरी कमी भावात देतंय. तो माल चढवलेल्यांचाच असतो, पैसे मोकळे करायला कुठेतरी ओतलेला. आणि सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे गोदामातली मागची भिंत. नवा माल घाईत उतरला की तो पुढे रचला जातो, जुना मागे दबतो, आणि गडी पुढचाच आधी उचलतो. म्हणून ऑफिसात चहा घेत स्टॉक विचारू नका, थेट मागच्या रांगेपर्यंत जा आणि सगळ्यात खालच्या खोक्यावरची बॅचची तारीख वाचा. वितरक भिडेपोटी काहीही सांगेल, तारीख खरंच सांगते.

आणि एक वाक्य पोरांना द्या, जे तुम्हाला तेव्हा कुणी दिलं नव्हतं. टार्गेट कमी पडणार हे बहुतेक वेळा वीस तारखेला कळलेलं असतं. पण आपण ते तीस तारखेपर्यंत कुणाला सांगत नाही, काहीतरी होईल या आशेवर. वीसला सांगितलं तर साहेबाच्या हातात दहा दिवस असतात. आकडा दुसरीकडून भरता येतो, योजना बदलता येते, वर कळवता येतं. तीसला सांगितलं तर त्याच्याही हातात एकच उपाय उरतो, आणि तो गोदामात उतरतो. “साहेब, मी या महिन्यात दोनशेनं कमी पडतोय, वितरकाकडे महिन्याचा माल पडून आहे, मी तिथे अजून टाकणार नाही,” हे वाक्य वीस तारखेला म्हणायला थोडं धाडस लागतं, तीसला फार लागतं. त्याचवेळी साहेब लोकांकडे बघून म्हणा, की वीसला खरं सांगणाऱ्याला तुम्ही झापलंत तर पुढच्या महिन्यात तो तीसलाच सांगेल. हे निवृत्त होणाराच म्हणू शकतो. त्याचं पुढचं प्रमोशन अडकलेलं नसतं.

ग्राहकांविषयी वेगळं बोलायची गरज मला वाटत नाही. ‘ग्राहक देव’ वगैरे तर नकोच. हा वितरक हाच तुमचा ग्राहक होता. फार तर त्याच्याविषयी एखादी अशी गोष्ट सांगा जी व्यवहाराबाहेरची आहे. तो हिशेब कशा वहीत लिहायचा, बोलताना काय म्हणायचा, असं काही. म्हणजे तो सभागृहात जिवंत होईल आणि तुमच्या गोष्टीतलं नुसतं प्यादं राहणार नाही.

दहा मिनिटांत साधारण हजार-अकराशे शब्द बसतात, तेही धापा न टाकता बोलल्यास. आभार सुरुवातीलाच आणि मोजके. माझ्या निरोपाला मी बावीस नावं वाचली आणि डिस्पॅचमधल्या ज्या माणसानं माझ्या अर्ध्या ऑर्डरी रात्री थांबून गाडीत चढवल्या, तोच राहिला. नंतर तो माझ्याशी हसून बोलला, त्यानं मला अजून वाईट वाटलं. नावांची यादी करणार असाल तर आदल्या दिवशी डिस्पॅच आणि वसुलीकडच्या कुणाला तरी दाखवा. त्यांना बरोबर कळतं कोण राहिलं ते.

प्रसंगाचा भाग मी तुमच्या आवाजात लिहून पाहिलाय. जसाच्या तसा घेऊ नका, तोंडात बसेल तसा बदला.

“एकोणीस वर्षांपूर्वी मला एका तिमाहीचं बक्षीस मिळालं. तुमच्यातल्या काहींनी तो फोटो पाहिला असेल. त्या बक्षिसाचा हिशेब आज मांडतो, कारण तेव्हा मांडला नव्हता. तिमाही संपायला दोन दिवस होते, मला सहाशे खोके कमी पडत होते. मी एका वितरकाकडे गेलो. त्यांचा महिन्याचा खप चारशे. मी हजार उतरवले. ते म्हणाले, ‘एवढे कुठे ठेवू?’ मी म्हणालो, ‘नाही खपले तर परत घेऊ.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यांनी मालावर नाही, माझ्यावर सही केली होती.

“पुढच्या महिन्यात त्यांची ऑर्डर शून्य. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनशे. हजार, शून्य, दोनशे. करा बेरीज. मी गेलो नसतो तरी तेवढेच झाले असते. फरक एवढाच, की मला बक्षीस मिळालं आणि त्यांचे पैसे अडकले. माल परत घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे कागद नव्हता, कारण कागद असता तर मला तेव्हा ती विक्री दाखवता आली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

“त्यांनी मला कधी दूषण दिलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चहा मागवला आणि म्हणाले, ‘साहेब, आज ऑर्डर नको, नुसते बसा.’ मी बसलो नाही. मला पुढच्या दुकानात जायचं होतं.”

शेवटचा परिच्छेद मी कल्पनेनं लिहिलाय. तो तसाच्या तसा वाचू नका, तिथे तुम्हाला खरं आठवेल ते घाला. काहीच आठवत नसेल तर तो गाळा आणि ‘हे मला तेव्हाही कळत होतं’ इथे थांबा. थांबल्यावर तीन-चार सेकंद काही बोलू नका. लोक अस्वस्थ होतील, होऊ द्या. त्यानंतर वीस तारखेचं वाक्य, मागच्या भिंतीची तारीख, एवढंच, आणि खाली बसा. मुलाकडे बोट दाखवू नका, त्याच्याकडे पाहूही नका. त्याला वाटलं तर तो स्वतःच उठून तुमच्याकडे येईल.

घरी आधी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहा, पत्नीसमोर. जिथे तुमचा आवाज अडकेल तिथे कागदावर खूण करा आणि त्या आधीचं वाक्य छोटं करा. आवाज अडकू नये म्हणून ते वाक्यच गाळायचा मोह होईल. ते मात्र ठेवा.

मुलाचा निरोप आला नाही, तर प्रसंग तुमच्याजवळच राहू द्या आणि भाषणात फक्त १०००, शून्य, २०० ठेवा, कोणत्याही एका वितरकाचं न करता, “समजा” म्हणून. सभागृहाला गणित पुरेल. त्याच्याशी जे बोललात ते तुमच्या दोघांत राहील. भेट मात्र भाषण होवो न होवो, महिनाअखेरच्या आत घ्या. नंतर गेलात तर माणूस म्हणून जाल, हे बरंच आहे. पण अजून एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि ती पदाबरोबर जाणार. आज त्याच्याकडे किती दिवसांचा माल पडून आहे ते बघा. तुमच्याच टीममधल्या कुणी या तिमाहीत त्याच्याकडे काही चढवलं असेल, तर क्रेडिट नोटवर सही करायला तुमच्याकडे अजून काही दिवस आहेत.